जुडीतली आडवी रेघ कोण? मोजणीच्या फोटोवरून आकडा काढताना

नांदेड-लातूर महामार्गावरच्या एका गावात रस्त्याच्या एका बाजूला आपली वस्ती आहे आणि दुसऱ्या बाजूला शाळा. सकाळी पावणेदहा ते पावणेअकरा या तासात मुलं, मजुरीला निघालेल्या बाया आणि दवाखान्यात जाणारे म्हातारे, सगळे हा चौपदरी रस्ता ओलांडतात. पादचाऱ्यांसाठी सिग्नलसह क्रॉसिंग मिळावं, अशी मागणी तरुणांनी ठरवली. निवेदन लिहून तयार होतं. मी एकच प्रश्न विचारला, "किती माणसं ओलांडतात आणि किती गाड्या जातात?" उत्तर आलं, "ताई, खूप."

"खूप" हा आकडा नव्हे. म्हणून मुलांनी एक दिवस मोजणी केली. कागदावर एका गाडीला एक रेघ, एका माणसाला एक रेघ. संध्याकाळी सगळ्या तक्त्यांचे फोटो माझ्या मोबाईलवर आले आणि मी त्यांतून आकडे काढायला बसले. त्या एका रात्रीत आमचं उत्तर दोनदा बदललं. ते का बदललं, ते इथे सांगते, कारण वस्तीचा सर्व्हे असो की शिबिरातली नोंदणी, रेघांचा कागद आणि त्याचा फोटो आपल्या कामात सतत येतो. त्यावरून आकडा काढणं सोपं दिसतं आणि चुकतंही तितक्याच सहज.

रेघांची पद्धत

शाळेच्या गणितात आपण ताळ्याच्या खुणा शिकलो आहोत. चार उभ्या रेघा काढायच्या आणि पाचवी त्या चौघींवरून तिरपी ओढायची. अशी पाचाची एक जुडी तयार होते. पुढची रेघ थोडी जागा सोडून. ही पद्धत फक्त शाळेतली नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची शहराबाहेरच्या रस्त्यांवरील वाहतूक गणनेची १९७२ सालची मार्गदर्शिका आहे, आयआरसी ९. तिच्यातही गणकाने चार वाहनांना चार उभ्या रेघा आणि पाचव्याला तिरपी रेघ काढावी, असंच सांगितलं आहे. म्हणजे आपल्या मुलांनी काढलेल्या रेघा आणि सरकारी गणनेतल्या रेघा यांची भाषा एकच आहे. ती नीट वाचता आली, तर समोरच्या अधिकाऱ्याला तो कागद परका वाटत नाही.

पाचाचीच जुडी का, याचं कारण आपल्या डोळ्यांत आहे. तीन-चार रेघा आपण न मोजता ओळखतो. सात-आठ रेघा ओळीने असल्या, तर बोट ठेवून मोजाव्या लागतात. जुडी केली की उरलेल्या सुट्या रेघा कधीच चारच्या वर जात नाहीत. त्यामुळे वाचणाऱ्याने दोनच गोष्टी पाहायच्या: जुड्या किती आणि सुट्या किती.

आणि इथेच पहिला नियम आहे. फोटोवरून थेट बेरीज लिहू नका. प्रत्येक रकान्यासाठी दोन आकडे लिहा, जुड्या वेगळ्या आणि सुट्या वेगळ्या. "अकरा जुड्या, दोन सुट्या" असं लिहिलेलं दुसऱ्याला कागदाशी ताडून पाहता येतं. नुसतं "५७" लिहिलं तर चूक जुड्या मोजण्यात झाली, की पाढ्यात, की सुट्या रेघांत, हे कुणालाच कळत नाही. गुणाकार मोबाईलवरच्या शीटला करू द्या. सी रकान्यात जुड्या आणि डी रकान्यात सुट्या असतील, तर सूत्र असं:

```
=C2*5+D2
```

डी रकान्यात चारपेक्षा मोठा आकडा दिसला, तर तो टंकताना चुकलाय किंवा एखादी न बांधलेली जुडी तिथे आहे. दोन्ही वेळा कागदाकडे परत जायचं.

आमचा तक्ता

वाहनांचे दोन तक्ते होते, एक लातूरकडे जाणाऱ्या गाड्यांचा आणि एक नांदेडकडे जाणाऱ्यांचा. तासाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग केले होते. पादचाऱ्यांचा तक्ता वेगळा. लातूरकडे जाणाऱ्या बाजूचा तक्ता शेवटी, सगळ्या दुरुस्त्या झाल्यावर, असा वाचला गेला. पहिला आकडा जुड्यांचा, दुसरा सुट्या रेघांचा.

| वाहन | ९.४५ | १०.०० | १०.१५ | १०.३० | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| दुचाकी | ९, ३ | ११, २ | १२, ४ | १०, १ | २२० |
| ऑटो | ३, १ | ४, ० | ४, ३ | ३, २ | ७६ |
| कार-जीप | ५, २ | ६, १ | ५, ४ | ६, ० | ११७ |
| बस | ०, ४ | १, ० | १, १ | ०, ३ | १८ |
| ट्रक-टेम्पो | २, २ | २, ४ | २, १ | २, ३ | ५० |
| ट्रॅक्टर | ०, २ | ०, १ | ०, ३ | ०, १ | ७ |

दुचाकीची ओळ करून पाहू. जुड्या ९, ११, १२ आणि १०, म्हणजे ४२. बेचाळीस पंचे २१०. सुट्या ३, २, ४ आणि १, म्हणजे १०. एकूण २२०. आता उलट बाजूने, प्रत्येक रकाना वेगळा: ४८, ५७, ६४ आणि ५१. बेरीज पुन्हा २२०. सगळ्या ओळींची बेरीज ४८८ येते. उभ्या रकान्यांची बेरीज १०९, १२८, १३६ आणि ११५, तीही ४८८. आडवी आणि उभी बेरीज जुळली, म्हणजे टंकण्यात आणि बेरजेत चूक नाही. पण लक्षात घ्या, ही जुळणी एवढंच सांगते. कागदावरची रेघ आपण नीट वाचली की नाही, हे ती सांगू शकत नाही. आमच्या पहिल्या वाचनातही दोन्ही बेरजा व्यवस्थित जुळल्या होत्या आणि आकडा तरीही चुकीचा होता.

तीन उत्तरं

हा आकडा लावायचा कुठे? पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत, म्हणजे १९८८ च्या आयआरसी १०३ मध्ये, नियंत्रित क्रॉसिंगसाठी एक कसोटी दिली आहे. गर्दीच्या तासातल्या पादचाऱ्यांची संख्या P आणि त्याच तासातल्या वाहनांची संख्या V धरायची आणि हे काढायचं:

```
P × V × V
```

मधे दुभाजक असलेल्या रस्त्यावर हे उत्तर २० कोटींच्या वर गेलं, तर क्रॉसिंगची गरज त्या कसोटीवर सिद्ध होते. दुभाजक नसेल तर १० कोटी. वाहनांची संख्या दोनदा गुणली जाते, हे ध्यानात ठेवा. तिथली छोटी चूक उत्तरात जवळजवळ दुप्पट होऊन येते.

पहिल्या वाचनात मला पादचारी २७६ आणि दोन्ही बाजूंची मिळून वाहनं ९०९ मिळाली. उत्तर आलं २२ कोटी ८० लाख. ग्रुपवर आनंदीआनंद झाला. कुणीतरी लगेच निवेदनात आकडा घालून पाठवलाही. तो थांबवावा लागला, कारण पादचाऱ्यांच्या तक्त्यावर एक गोष्ट मला खटकत होती.

आडवी रेघ माणूस आहे की दोरी?

विद्यार्थ्यांच्या ओळीतली प्रत्येक जुडी मी मोठी करून पाहिली. तिरप्या रेघेखाली चार उभ्या रेघा असायला हव्या होत्या, इथे पाच होत्या. पाच उभ्या आणि एक तिरपी, म्हणून मी प्रत्येक जुडीला सहा धरले होते. ३६ जुड्यांचे २१६ आणि सुट्या १०, असे २२६ विद्यार्थी. बाकीचे पादचारी ५०. मिळून २७६.

एखाद-दुसऱ्या जुडीत पाच उभ्या रेघा असत्या, तर ती घाईतली चूक मानता आली असती. पण इथे छत्तीसच्या छत्तीस जुड्या तशाच होत्या. हाताची चूक इतकी नियमित नसते. ही त्या मोजणाऱ्याची सवय होती. तक्ता भरणारी नववीतली मुलगी होती. मी तिला फोन केला.

ती म्हणाली, "ताई, पाच मुलं झाली की बांधून टाकायची ना?"

तिच्या घरी भाजीचा धंदा. मेथीची जुडी बांधताना सुतळी काही काडी म्हणून मोजत नाहीत. तिने पाच रेघा काढल्या आणि सहावीने त्या बांधल्या. तिच्या हिशोबात तिरपी रेघ म्हणजे दोरी. शाळेच्या पद्धतीत मात्र तिरपी रेघ हाच पाचवा माणूस असतो, चौघांना बांधणारा आणि स्वतःही मोजला जाणारा. दोन्ही पद्धतींत जुडी पाचाचीच. घोळ माझा होता. मी तिची जुडी माझ्या डोळ्यांनी वाचली आणि दर पाच मुलांमागे एक मूल जास्त मोजलं.

दुरुस्त केल्यावर ३६ जुड्यांचे १८० आणि सुट्या १०, म्हणजे १९० विद्यार्थी. बाकीचे ५० धरून P झाला २४०. उत्तर घसरून १९ कोटी ८३ लाखांवर आलं. कसोटीच्या खाली.

म्हणून दुसरा नियम: कुठलाही तक्ता वाचण्याआधी त्या मोजणाऱ्याच्या पहिल्या पाच-सहा जुड्या मोठ्या करून पाहा आणि तिच्यात उभ्या रेघा किती ते ठरवा. चार उभ्या असतील तर तिरपी रेघ मोजायची. सर्वत्र पाच उभ्या असतील तर तिरपी ही दोरी आहे का, हे त्या माणसालाच विचारायचं. काहीजण चौकोन काढून त्याला कर्ण मारतात, तीही पाचाचीच खूण आहे. पण एकाच तक्त्यावर दोन प्रकार दिसले, तर मधे मोजणारा बदलला आहे. जेवायला गेलेल्या मित्राच्या जागी दुसरा बसलेला असतो. तो कुठून बसला हे फोटोत शोधा आणि त्या रेषेपासून दुसऱ्याची सवय लावा.

ज्या तक्त्यात चार उभ्यांची सवय आहे, तिथे मधेच तीन उभ्यांची जुडी आली तर काय करायचं? आधी चौथी रेघ तिरपीखाली लपली आहे का, ते पाहा. खरोखर नसेल तर ओढलेल्या रेघा मोजा: तीन उभ्या आणि एक तिरपी, म्हणजे चार. पण शेजारी "कमीत कमी ४, जास्तीत जास्त ५" अशी नोंद ठेवा. शंका दाबून टाकलेला आकडा आणि शंका नोंदवलेला आकडा यांत मोठा फरक आहे. दुसऱ्याचा बचाव करता येतो.

फोटो काय लपवतो

उत्तर २० कोटींच्या खाली गेल्यावर ग्रुप गप्प झाला. एकाने लिहिलं, "ताई, दोरी पण मोजा की." नाही मोजायची. उद्या त्या कार्यालयाने आपला कागद मागितला आणि पहिल्या जुडीत हा घोळ दिसला, तर पुढच्या सगळ्या रेघा खोट्या ठरतील. पण आकडा पडला म्हणून नव्हे, तर वाहनांचे तक्ते अजून तपासायचे राहिले होते म्हणून मी ते उघडले.

मोजणीच्या वेळी आम्ही एक शहाणपण केलं होतं. एका मुलाकडे बोटात घालायचं बटणाचं काउंटर होतं. वाहनाचा प्रकार न पाहता दर गाडीला तो एकदा दाबत होता आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा तक्त्याच्या तळाला लिहीत होता. लातूरकडच्या बाजूचे त्याचे आकडे होते ११०, १२७, १३६ आणि ११४. माझ्या वाचनात पहिले तीन १०९, १२८, १३६ होते. एक-दोनचा फरक असणारच. दोन माणसांचे डोळे कधी तंतोतंत जुळत नाहीत. पण चौथ्या भागात माझे आले होते फक्त ९९. पंधराचा फरक हा डोळ्यांचा फरक नव्हता.

कुठल्या ओळीत हरवले? शेवटच्या पंधरा मिनिटांत माझ्या वाचनात दुचाकी ३५ होत्या, त्याआधी ४८, ५७ आणि ६४. बाकी वाहनं साधारण तेवढीच राहिली आणि दुचाकीच एकदम निम्म्या झाल्या, असं रस्त्यावर सहसा होत नाही. फोटो पुन्हा पाहिला. शेवटच्या रकान्याची उजवी चौकटच फोटोत नव्हती. दुचाकीच्या जुड्या कागदाच्या कडेपर्यंत गेल्या होत्या आणि फोटो त्याआधीच संपला होता. कागद ज्याच्याकडे होता त्याला नवीन फोटो काढायला सांगितलं. त्यात आणखी तीन जुड्या आणि एक सुटी रेघ होती. १६ गाड्या. बाजूची बेरीज ४७२ वरून ४८८ झाली. दुसऱ्या बाजूच्या ४३७ मिळवून V झाला ९२५. उत्तर: २० कोटी ५३ लाख ५० हजार.

इथे एक गोष्ट मनात पक्की ठेवा. तो तक्ता माझ्याआधी आणखी एका कार्यकर्त्याने स्वतंत्र वाचला होता आणि आम्हा दोघांचं वाचन जुळलं होतं. जुळणारच, कारण दोघांनी तोच कापलेला फोटो पाहिला होता. दोन जणांनी वेगवेगळं वाचणं फार उपयोगाचं आहे, पण ते वाचणाऱ्याची चूक पकडतं. फोटोची चूक पकडायला कागदाबाहेरची साक्ष लागते: काउंटर, दुसऱ्या माणसाची एकूण मोजणी, किंवा शाळेच्या हजेरीसारखी नोंद.

त्याच तक्त्यात आणखी एक घोळ निघाला आणि तो बेरजेने कधीच सापडला नसता. सव्वादहाच्या रकान्यात दुचाकीची जागा संपली, म्हणून दोन जुड्या खाली ऑटोच्या ओळीत सरकल्या होत्या. मी त्या ऑटोत मोजल्या. दुचाकी ५४ आणि ऑटो ३३. एकूण बेरीज तीच, काउंटरशीही जुळते. पण ऑटोची ओळ १६, २०, ३३, १७ अशी वाचली की ३३ डोळ्यात भरतो. मोजणाऱ्याने सांगितलं, त्या दोन जुड्या दुचाकीच्या. हरवलेली रेघ बेरीज शोधते. चुकीच्या घरात गेलेली रेघ शोधायला ओळीतले शेजारचे आकडे वाचावे लागतात.

वाचता येईल असा फोटो

यातले बरेच घोळ फोटो काढतानाच टळतात. कागद टेबलावर किंवा फरशीवर सपाट ठेवा. मोबाईल त्याच्या बरोबर वर, आडवा-तिरपा नको, कारण फोटो तिरपा आला की ओळी उतरत्या दिसतात आणि उजवीकडची जुडी खालच्या ओळीतली वाटते. कागदाचे चारही कोपरे फोटोत आले पाहिजेत. कोपरे दिसले तर काही कापलं गेलेलं नाही याची खात्री असते. खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, म्हणजे आपली सावली कागदावर पडत नाही. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर तो दाबला जातो आणि जवळजवळच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. आणि पेन्सिल नको, बॉलपेन वापरा.

फोटोत रेघ दिसते ती खरंच रेघ आहे का, हेही पाहावं लागतं. घडीची खूण सुट्या रेघेसारखी दिसते, पण ती रकान्याच्या चौकटीत थांबत नाही, वरखालच्या ओळींतूनही सरळ जाते. मागच्या पानाची शाई उमटली असेल तर ती फिकी असते आणि तिच्यातल्या तिरप्या रेघांचा कल उलटा असतो, कारण आपण ती मागून पाहतो. खोडलेली जुडी मोजायची नाही, पण एकच रेघ खोडली असेल तर तिरप्या रेघेशी तिची गल्लत होते. तिथे मोजणाऱ्यालाच विचारावं.

वाचताना फोटो मोठा करून एकेक रकाना घ्या. मोबाईलच्या एडिटमध्ये रंगीत पेन असतं. मोजलेल्या प्रत्येक जुडीवर एक ठिपका द्या. मूळ फोटो वेगळा ठेवा, ठिपके त्याच्या प्रतीवर. ठिपका नसलेली जुडी सुटलेली, दोन ठिपके असलेली दोनदा मोजलेली. लांब ओळीत बारा जुड्या असल्या की नजर एखादी गाळते, ठिपका गाळत नाही.

सुट्या रेघा खोटं बोलत नाहीत

शेवटची एक तपासणी लातूर शहरातल्या एका वस्ती-सर्व्हेच्या वेळी माझ्या हाती लागली. चोवीस रकान्यांचा एक तक्ता होता. जुड्या सुबक, एकसारख्या, एकही खाडाखोड नाही. पण चोवीसपैकी एकोणीस रकान्यांत सुट्या रेघा शून्य. जिथे मोजणी पंधरा-वीसच्या वर जाते, तिथे शेवटी शून्य, एक, दोन, तीन किंवा चार सुट्या उरण्याची शक्यता जवळपास सारखी असते. म्हणजे साधारण पाचातल्या एका रकान्यात शून्य यावं. चोवीसमध्ये चार-पाच. एकोणीस नव्हे. वर दिलेल्या तक्त्यात पाहा: दुचाकी, ऑटो, कार आणि ट्रक यांच्या सोळा रकान्यांत शून्य फक्त दोनदा आलं आहे. बस-ट्रॅक्टरसारख्या लहान आकड्यांना ही तपासणी लागू नाही.

लातूरच्या त्या मुलाला मी बाजूला घेऊन विचारलं. मधला तास तो मोबाईलवर होता. नंतर अंदाजाने पाच-पाच टाकत गेला. रागावण्यात अर्थ नव्हता. एका माणसाला दोन तास सलग मोजायला बसवणं ही आयोजनाची चूक, म्हणजे माझीच. आता आम्ही तासाला माणूस बदलतो आणि तक्त्यावर कोणी कुठून कुठवर मोजलं ते लिहितो.

आकड्याची मर्यादा

पुन्हा महामार्गाकडे. आमचं उत्तर २० कोटी ५३ लाख आहे, म्हणजे कसोटीच्या थोडंसंच वर. शंकेच्या सगळ्या रेघा आमच्याविरुद्ध धरून पाहिल्या. तेव्हा पादचारी २३८ आणि वाहनं ९२० झाली. उत्तर २० कोटी १४ लाख आलं. रेघा कितीही कडक वाचल्या तरी आकडा टिकतो. पण ही एकाच दिवसाच्या एका तासाची मोजणी आहे. त्या दिवशी आठवडी बाजार असता किंवा शाळेला सुट्टी असती, तर चित्र वेगळं दिसलं असतं. म्हणून निवेदन पाठवण्याआधी आणखी तीन दिवस आणि संध्याकाळचा शाळा सुटण्याचा तास मोजायचं ठरलं आहे. नव्या तक्त्यात दुचाकीची ओळ दुप्पट उंच आखली आहे, उजवीकडे दोन बोटं समास सोडला आहे आणि डोक्यावर एक नमुन्याची जुडी छापली आहे: चार उभ्या, एक तिरपी, शेजारी "= ५".

नववीतली ती मुलगी यावेळीही मोजायला बसणार आहे. नमुना पाहून तिने विचारलं, "म्हणजे दोरीलाही मोजायचं?" मी सांगितलं, चार रेघा काढ आणि पाचव्या मुलाने बाकीच्या चौघांना धरलंय असं समज. ती म्हणाली, मग लक्षात राहील.